गादी बसते म्हणजे नेमकं काय होतं

दुकानातली नवी गादी सहसा चांगलीच लागते. दोन मिनिटं बसून बघतो, तळहाताने दाबून बघतो, हवं तर पाठ टेकवतो, आणि बहुतेक वेळा "छान आहे" म्हणून पैसे देऊन येतो. खरा फरक पाच-सात वर्षांनी कळतो. काथ्याची गादी एका तऱ्हेने बसते, फोमची दुसऱ्या. स्प्रिंगची गादी आतून शाबूत असली तरी वरून हरते. लेटेक्सची बरीच वर्षं काही दाखवतच नाही. मला वाटतं, गाद्यांची तुलना करायची तर ती त्या कशा खराब होतात यावरूनच करावी. ते समजलं की कोणती घ्यावी आणि घरातली कधी काढावी, ही दोन्ही उत्तरं मिळतात.

जुन्या नाशकात माझ्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. नव्या गाद्यांपेक्षा दुरुस्तीला आलेल्या गाद्या मी जास्त पाहिल्या. बाबा खोळ उसवायचे, आतला थर बाहेर काढायचे आणि कुठे काय झालंय ते मला दाखवायचे. त्या शिकण्याचा गेल्या हिवाळ्यात चांगला उपयोग झाला.

इंदिरानगरहून आत्याचा फोन आला. "अगं, सकाळी उठले की कंबर धरलेली असते. चहा होईस्तोवर वाकताच येत नाही. मग तासाभरात आपोआप सुटते. आतोबा म्हणतात, गादी सोड आणि खाली सतरंजीवर झोप." मी तिला पहिलं विचारलं, दिवाळीत पुण्याला लेकीकडे राहिलीस तेव्हा काय झालं होतं? तिथे काही झालं नव्हतं. ही माहिती फार मोलाची आहे. सकाळी असलेलं आणि हालचाल सुरू झाल्यावर सुटणारं दुखणं, जे दुसऱ्या घरी झोपलं की होत नाही, ते गादीकडे बोट दाखवतं. कंबर दिवसभर दुखत असेल, कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर गादीचा विचार नंतर, आधी डॉक्टर. आत्याचं तसं नव्हतं.

मी गेले तेव्हा पलंग नेहमीसारखा नीट दिसत होता. ताणून घातलेली चादर, वर सोलापुरी चादरीची घडी. चादर अंथरलेल्या गादीत खड्डा दिसत नाही, म्हणून आम्ही सगळं काढलं आणि गादी दुपारभर तशीच मोकळी ठेवली. नुकतंच कोणी झोपून उठलं असेल तर कोणतीही गादी थोडी दबलेली असते. ती उसासून वर आली की जो खोलगटपणा उरतो तोच खरा. मग दोरी घेतली. आतोबांनी एका कडेला धरली, मी समोरच्या कडेला, कंबर येते त्या रेषेवर ताणून. आत्याने पट्टी उभी धरून दोरीपासून गादीपर्यंतचं अंतर मोजलं. आतोबांच्या बाजूला साडेचार सेंटिमीटर, आत्याच्या बाजूला जेमतेम दोन, आणि दोघांच्या मधे एक उंचवटा, जिथे कधी कोणी झोपलंच नाही.

दीड-दोन सेंटिमीटर हे वापरातलं बसणं आहे, त्याने घाबरायचं कारण नाही. तीनच्या पुढे गेलं की लक्ष ठेवावं. चारच्या वर गेलेल्या गादीवर पाठीवर झोपलं तर कंबर छातीपेक्षा खाली जाते आणि रात्रभर मणका झोळीत असल्यासारखा वाकलेला राहतो. पण आत्याची बाजू तर दोनच सेंटिमीटर होती, मग कंबर तिची का दुखत होती? कारण ती वजनाने हलकी आणि आतोबा नव्वद किलोच्या आसपास. त्यांच्या खड्ड्याकडे गादीला उतार होता. झोपेत घरंगळू नये म्हणून शरीर रात्रभर नकळत स्वतःला धरून ठेवतं, आणि कंबरेचे स्नायू सकाळी त्याचा हिशेब मांडतात.

इथे थांबून नवी गादी मागवली असती तर अर्धंच काम झालं असतं. दोष गादीचा की पलंगाचा, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी गादी उशाकडून पायथ्याकडे फिरवायची आणि पुन्हा दोरी धरायची. खड्डा गादीबरोबर सरकला तर गादीचा, जागेवर राहिला तर पलंगाचा. आत्याकडे दोन्ही निघालं. मोठा खड्डा आत्याच्या बाजूला गेला, पण आतोबांच्या बाजूला जिथे आता गादीचा चांगला भाग आला होता, तिथेही दोरीखाली आधीच्या दोनपेक्षा दीड सेंटिमीटर जास्त फट निघाली. गादी उचलून भिंतीला लावली आणि दोरी थेट प्लायवर धरली. प्लायच दबलेला होता. हा सामानाच्या पेटीचा पलंग. आतली मधली आडवी पट्टी एका टोकाला सुटली होती आणि झाकणाचा प्लाय त्या जागी लवत होता. अशा पलंगावर कितीही महागाची गादी टाकली तरी वर्षभरात ती त्याच जागी बसली असती, आणि दोष गादीवाल्याला लागला असता.

गादी उचलल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. प्लायवर एका ठिकाणी तपकिरी भुकटी साचली होती. आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात गादीच्या तळाला काळे ठिपके होते.

ही गादी काथ्याची. आपल्याकडे जिला कॉयरची म्हणतात ती. केरळातल्या नारळाच्या सोडणाचा धागा पिळून कुरळा करतात, मग मोकळा करून त्याचे थर पसरतात, त्यावर रबराच्या झाडाचा चीक फवारतात, दाबतात आणि उष्णता देऊन तो चीक पक्का करतात. म्हणजे या गादीत दोन गोष्टी काम करतात. कुरळा धागा वजन झेलतो, आणि रबर त्या धाग्यांना जिथे जिथे ते एकमेकांना शिवतात तिथे धरून ठेवतं. धाग्यांमध्ये हवा भरपूर, म्हणून ती गरम होत नाही, घामट होत नाही. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली काथ्याच्या गादीइतकी कोरडी झोप स्वस्तात दुसरी कोणती गादी देत नाही, असं मला आजही वाटतं. ती कडकही असते, आणि आपल्या आधीच्या पिढीला कडकच हवी असते.

पण काळाने तो रबराचा पातळ लेप वाळतो, तडकतो. जोड सुटले की धागा मोकळा होतो, वजनाखाली मोडतो, आणि मोडलेल्या धाग्याची भुकटी खोळीतून झिरपते. प्लायवर सापडली ती भुकटी हीच. काथ्याची गादी बसते तेव्हा तिच्या आतले दुवे तुटलेले असतात, म्हणून तिला परत उठवता येत नाही. उलटून टाकली तर थोडे महिने बरं वाटतं, कारण आता वरच्या बाजूला न दबलेला थर येतो, पण त्याच्याखाली पोकळीच असते. वर कापसाची पातळ गादी घालून सपाटी आणायचा उपायही बरेचजण करतात. ती पातळ गादी चार दिवसांत खालच्या खड्ड्याचा आकार घेते.

कापसाची गोष्ट वेगळी होती. कापूस बसला, त्याचे गोळे झाले, तर पिंजाऱ्याला बोलवायचं. तो दारात बसून कापूस पिंजायचा, थोडा नवा घालायचा, टाके मारायचा आणि गादी पुन्हा उभी राहायची. मला त्या गाद्यांबद्दल प्रेम आहे, पण रोज उचलून उन्हात नेणारी माणसं घरात होती तोवर त्या चालल्या. काथ्याच्या गादीला असा दुसरा जन्म नाही. साधारण पाच ते सात-आठ वर्षं, जाड माणूस असेल तर त्याहून कमी. आत्याची गादी त्याच्या कितीतरी पुढे गेली होती.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. रात्री अंगातून घाम, वाफ बाहेर पडते आणि गादीतून खाली उतरते. दोरीच्या किंवा पट्ट्यांच्या पलंगात ती खालून निघून जाते. बंद पेटीच्या पलंगात सलग प्लायवर ती अडते, आणि पावसाळ्यात वाळतच नाही. पेटीत रजया, जुने कपडे खच्चून भरलेले असतील तर आणखीच. थोडी बुरशी वरवर पुसता येते, पण तळाच्या कापडातून आत गेली की गादीला ओला, कोंदट वास येतो आणि तो जात नाही. घरात कोणाला दमा किंवा सकाळच्या शिंका असतील तर या एका कारणासाठीही गादी काढावी, खड्डा नसला तरी.

(ढेकणांसाठी मात्र गादी फेकू नये, निदान तेवढ्याने सुटका होईल असं समजू नये. ते गादीच्या शिवणीत असतात तितकेच पलंगाच्या सांध्यांत आणि भिंतीच्या भेगांत असतात. नवी गादी त्याच पलंगावर टाकली तर ते तिच्यात येतात.)

म्हणजे आत्याची गादी काढायची हे ठरलं. पण आतोबांचं म्हणणं ठाम होतं, "आता कडकातली कडक आण. कंबरेला फळीच बरी." हे नाशकातच नव्हे, सगळीकडे ऐकू येतं. द लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली स्पेनमधला एक अभ्यास आला होता. बराच काळ कंबरदुखी असलेल्या ३१३ माणसांना दोन गटांत विभागून एका गटाला कडक आणि दुसऱ्या गटाला मध्यम कडक गादी दिली, आणि ९० दिवसांनी विचारलं. मध्यम कडक गादीवर झोपलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. कारण समजायला सोपं आहे. खांदे आणि कुल्ले बाहेर आलेले असतात, कंबर आत असते. फळीवर पहिले दोन टेकतात आणि कंबर अधांतरी राहते.

हे घरीच तपासता येतं. पाठीवर सरळ झोपायचं आणि दुसऱ्या कोणीतरी कंबरेखाली तळहात सरकवायचा. हात मोकळा आरपार गेला तर गादी त्या माणसाला कडक आहे. हात घालताच आला नाही तर मऊ. थोडा अडत गेला तर बरोबर. आत्याला मी फरशीवर सतरंजी घालून झोपवलं आणि आतोबांना हात घालून बघायला सांगितलं. त्यांचा अख्खा हात, मनगटासकट, पलीकडे निघाला. सतरंजीचा विषय तिथेच संपला. आणि एक गोष्ट आणखी स्पष्ट झाली की नव्वद किलोच्या माणसाला जी गादी मध्यम लागते ती पन्नास किलोच्या बाईला फळी लागते. कडकपणा गादीत जेवढा असतो तेवढाच झोपणाऱ्याच्या वजनात असतो.

मग पर्याय बघायला आम्ही कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत दुकानं हिंडलो.

आतोबांना स्प्रिंगची गादी आवडली. बसल्याबरोबर ती उचलून धरते, हवा खेळती राहते, आणि दिसायला भारदस्त. तिच्यात दोन जाती. जुन्या पद्धतीच्या बॉनेल गादीत डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असतात. एक दबली की शेजारच्या चार ओढल्या जातात. आतोबांनी कूस बदलली की आत्या हलणार, हे दुकानातच दिसलं. दोघांना झोपवून एकाला वळायला सांगितलं की कळतं. दुसऱ्या जातीत, पॉकेट स्प्रिंगमध्ये, प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी खिशात शिवलेली असते, त्यामुळे हलणं पलीकडे फारसं पोचत नाही. पण दोन्हींमध्ये लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की आधी तार थकत नाही. पोलादी तार बरीच वर्षं टिकते. तिच्यावर जो दोन-तीन इंचांचा फोमचा मऊ थर असतो, तोच आधी दबतो. बाबांच्या दुकानात उसवलेल्या बहुतेक स्प्रिंगच्या गाद्यांमध्ये स्प्रिंगा धडधाकट असायच्या आणि वरचा फोम पापडासारखा झालेला असायचा. करकर आवाज येणं, कडेला बसल्यावर कड खचणं, अंगाला गोल गोल टोचणं, ही त्यांची म्हातारपणाची चिन्हं. हल्लीच्या बहुतेक स्प्रिंगच्या गाद्यांना मऊ थर एकाच बाजूला असतो, म्हणून त्या उलटता येत नाहीत, फक्त फिरवता येतात. आत्यासाठी अडचण वेगळीच निघाली. या गाद्या आठ-दहा इंच जाड. चौदा इंचांच्या पलंगावर ती टाकली तर कडेवर बसल्यावर आत्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. रात्री उठणाऱ्या वयस्क माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. स्प्रिंग आम्ही तिथेच सोडली.

फोमकडे वळल्यावर खरा घोळ सुरू होतो, कारण बाहेरून सगळे फोम सारखेच दिसतात. फोम म्हणजे बारीक बारीक पोकळ्यांचं जाळं. त्या पोकळ्यांच्या भिंती वजनाखाली वाकतात आणि परत उभ्या राहतात. हजारो वेळा वाकून त्या मोडू लागल्या की फोम दबलेला राहतो. भिंतींमध्ये मालच कमी असेल तर त्या लवकर मोडतात. म्हणून फोमचं आयुष्य ठरतं ते घनतेवर, ज्याला दुकानदार डेन्सिटी म्हणतात. एका घनमीटरमध्ये किती किलो फोम आहे, तो आकडा. २८ ची घनता पाहुण्यांच्या खोलीत चालेल, रोजच्या झोपेला मी ३२ च्या खाली जाणार नाही, आणि वजनदार माणसाला ४० तरी हवी. घनता आणि कडकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कमी घनतेचा फोमही कारखान्यात कडक बनवता येतो, आणि दुकानात हाताने दाबल्यावर तो "मजबूत" वाटतो. वर्षा-दीड वर्षात तोच आधी बसतो.

हाताला घनता कळत नाही, पण वजनकाट्याला कळते. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणायची आणि ६१,००० ने भागायचं. आलेले घनमीटर गुणिले घनता म्हणजे फोमचं वजन. आत्याच्या बाजूसाठी आम्हाला ७२ बाय ३०, चार इंच जाडीचा तुकडा हवा होता. त्यांचा गुणाकार ८,६४०, भागिले ६१,०००, म्हणजे ०.१४ घनमीटर. ४० घनतेचा असेल तर वजन साडेपाच किलोच्या थोडं वर यायला हवं, २८ चा असेल तर चारच किलो. एका दुकानात "पक्का चाळीसचा" म्हणून दिलेला तुकडा आतोबांनी कवेत घेतला आणि वजनकाट्यावर उभे राहिले, मग तुकडा ठेवून एकटे उभे राहिले. फरक चार किलोंचा. आम्ही काही न बोलता बाहेर आलो. पुढच्या दुकानात साडेपाच भरले. खोळ चढलेली असेल तर तिचं किलो-दीड किलो वजा करावं. म्हणूनच, शक्य असेल तर, खोळ चढण्याआधी फोम बघावा. चांगला दुकानदार चेन उघडून दाखवतो.

मेमरी फोमबद्दल एवढंच सांगते की तो अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन आकार घेतो. १९६६ च्या सुमारास नासाच्या एम्स केंद्रात विमानाच्या आसनांसाठी तो तयार झाला. तो उष्णतेवर चालतो हाच त्याचा गुण आणि तीच नाशिकमधली अडचण. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहून खाली, आणि गरम न केलेल्या खोलीत मेमरी फोम रात्री अंथरुणात शिरताना लाकडासारखा लागतो. मग उन्हाळ्यात तोच अंगाभोवती धरून गरम करतो. आमच्या हवेत त्याचा दीड-दोन इंचांचा थर कोणाला आवडत असेल तर ठीक, अख्खी गादी त्याची नको.

उरलं लेटेक्स. रबराच्या झाडाचा चीक हवा घालून फेसाळतात, साच्यात ओततात आणि वाफेने पक्का करतात. डनलॉप पद्धत म्हणतात ती हीच, १९२९ पासूनची. साच्यातल्या खुंट्यांमुळे गादीत सगळीकडे भोकं राहतात, ती हवेसाठी. लेटेक्स दाबलं की लगेच उसळून वर येतं. थंडीत कडक होत नाही, उन्हाळ्यात फोमइतकं तापत नाही, आणि इतर तिघांपेक्षा जास्त वर्षं आपला आकार धरून ठेवतं. किंमत मात्र फोमच्या कितीतरी पट, आणि वजन भारी. दोन इंचांचा लेटेक्सचा तुकडा चार इंचांच्या चांगल्या फोमइतका भरतो. पूर्ण लेटेक्सची सहा इंची डबल गादी तीस किलोच्या वर जाते, सत्तरीची दोन माणसं ती फिरवू शकत नाहीत. "नैसर्गिक" म्हणून विकलेल्या पुष्कळ लेटेक्समध्ये कृत्रिम रबर मिसळलेलं असतं. त्याने गादी वाईट होत नाही, पण मग किंमतही त्या मानाने कमी असायला हवी, म्हणून किती टक्के ते विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं.

लेटेक्सचा शत्रू ऊन. उन्हाने रबर पिवळं पडतं, कडक होतं, आणि शेवटी बोटाने चिमटीत धरलं की चुरा निघतो. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या घरांत उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं पडतात त्याच बाजूला गाद्याही पडतात. कापसाला ते ऊन औषध होतं. काथ्याला तासभर चालतं, कारण त्याच्या धाग्यांवरही रबरच आहे. फोम आणि लेटेक्स सावलीत, वाऱ्यावर उभे करून वाळवावेत. फोम नुसता पिवळा पडला तर ते प्रकाशाने झालेलं असतं, त्यावरून तो संपला असं समजू नये. मूठ दाबून सोडावी. खळगा भरून यायला वेळ लागला, किंवा बोटांना चुरा लागला, तर संपला.

शेवटी आम्ही अख्खी गादी घेतलीच नाही. दोघांच्या वजनात एवढा फरक असताना एकच गादी कोणावर तरी अन्याय करते. ७२ बाय ३० च्या दोन स्वतंत्र गाद्या बनवून घेतल्या. आतोबांच्या गादीत खाली चार इंच रीबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेली जड, कडक लादी. आत्याच्या गादीत खाली ४० घनतेचा चांगला उसळणारा फोम. दोन्हींवर दोन-दोन इंच लेटेक्स, म्हणजे उंची सारखी, स्पर्श सारखा, आधार वेगळा. महागाचं लेटेक्स फक्त वरच्या थरात गेल्यामुळे खर्चही आटोक्यात राहिला. दोन्हींच्या खोळीला चेन लावून घेतली, कारण कधी वरचा थर बदलायचा झाला तर तेवढाच बदलता येतो. मधली फट जाणवू नये म्हणून बाहेरून दोघांना मिळून एक आवरण. प्रत्येक गादी वेगळी असल्याने आत्या आपली गादी एकटीने ओढून फिरवू शकते, आणि वजन एकाच जागी पडू नये म्हणून ती दर तीन-चार महिन्यांनी फिरवायचीच असते.

गाद्या येण्याआधी सुताराला बोलावून पलंगाची सुटलेली पट्टी बसवून घेतली, मधे आणखी एक आधार टाकला आणि प्लायला ठिकठिकाणी इंचभर व्यासाची भोकं पाडली. पेटीतलं सामानही निम्मं काढलं. बहुतेकजण हे काम टाळतात, पण मला विचाराल तर जुनी गादी अजून चार वर्षं चालवणाऱ्या घरानेही निदान ती भोकं पाडून घ्यावीत. पट्ट्यांचा पलंग असेल तर पट्ट्यांमधली फट तीन इंचांपेक्षा जास्त नसावी, नाहीतर फोम आणि लेटेक्स त्या फटींत उतरतात.

पहिले काही दिवस आत्याला नवीन गादी "परकी" वाटली. जुन्या खड्ड्याला शरीर इतकं सरावलेलं असतं की सपाट जागाच त्याला विचित्र लागते, म्हणून निर्णय द्यायला तीन-चार आठवडे तरी थांबावं, आणि घेताना परत करण्याची मुदत तेवढी आहे का ते विचारावं. महिन्याभराने तिची सकाळची कंबर सुटली होती. आतोबांच्या बाजूला पुन्हा दोरी धरून पाहिली, अर्धा सेंटिमीटर. लेटेक्सला आणि खोळीच्या कापसाला सुरुवातीला तेवढं बसणं असतंच.

जुन्या गादीचा प्रश्न उरला होता. अख्खी डबल गादी घंटागाडीत चढत नाही, आणि ती कोपऱ्यावर नेऊन टाकली की पावसात भिजून तिथेच कुजते. आम्ही खोळ उसवली. कापड धुऊन पुसायच्या फडक्यांना गेलं. काथ्याच्या लादीचे बुरशी नसलेले भाग सुरीने कापून आत्याने कुंड्यांच्या तळाला घातले, माती वाहून जात नाही आणि पाणी निचरतं. बुरशीचा भाग दोन पोत्यांत भरून, आधी विचारून, सुक्या कचऱ्यात दिला. तुमची जुनी गादी स्प्रिंगची असेल तर वरचा फोम सोलून पोलादी सांगाडा भंगारवाल्याला द्या, तो वजनावर घेतो. आणि फोमची असेल तर गादी-सोफा बनवणाऱ्याला विचारून पाहा, कारण कोरडा, स्वच्छ फोम कुटून त्याचीच रीबॉन्डेड लादी होते. भिजलेला किंवा चुरा झालेला फोम मात्र कोणी घेत नाही, म्हणून जुनी गादी गच्चीवर पाऊस झेलत ठेवू नका, निघाली की त्याच आठवड्यात वाटेला लावा.